सात नंबरच्या टेबलावर कोण?

अमेरिकेतल्या हॉटेलात मराठी घरातल्या लग्नाचं रिसेप्शन ठरलं, की बँक्वेट विभागाकडून घरच्यांना हमखास एक मागणी येते. पाहुण्यांचा पक्का आकडा द्या, कुणाला कुठलं जेवण ते द्या, आणि प्रत्येक टेबलावर कोण बसणार त्याची टेबलवार यादी द्या. पहिल्या दोन गोष्टी घरात कशाबशा तयार असतात. तिसरी मात्र बहुतेक घरांत तयार नसते. घरात यादी असते, पण ती आमंत्रणांची. कुणाला पत्रिका गेली, कुणाचा फोन आला, कुणाचा अजून यायचा आहे, हे त्या यादीवरून समजतं. सात नंबरच्या टेबलावर कोण बसणार आहे, ते मात्र तिच्यावरून समजत नाही.

महाराष्ट्रातल्या कार्यालयात हा प्रश्न फारसा पडत नाही. पंगत असेल तर माणूस मिळेल त्या पाटावर किंवा खुर्चीवर बसतो आणि पंगत भरली की पुढचा पुढच्या पंगतीला थांबतो. बुफे असेल तर ताट हातात घेऊन ओळखीचा घोळका शोधतो. तरीही जागा नेमून देणं आपल्याकडे अगदीच परकं नाही. विहिणींची पंगत ही नेमून दिलेल्या जागांचीच पंगत असे. वरमाईचा पाट कुठे, तिच्या शेजारी कोण, समोर रांगोळी कुणी काढायची, हे घरातल्या जाणत्या बायका आधीच ठरवत आणि त्यात चूक झाली तर ती वर्षानुवर्षं आठवली जाई. फरक एवढाच, की ती पंगत वीस-पंचवीस जणींची असे आणि सगळी मांडणी एखाद्या आत्याच्या डोक्यात मावत असे. दीडशेहून जास्त माणसं, अठरा गोल टेबलं आणि मराठी नावं पहिल्यांदाच वाचणारे वाढपी असले, की ती मांडणी कागदावर उतरवावीच लागते.

हे काम कसं होतं आणि कुठे अडतं, ते एका उदाहरणावरून पाहू. यातली माणसं आणि आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. आमंत्रणं ७४ गेली आहेत. त्यांतून २०३ माणसांना बोलावलं आहे आणि १६८ जणांचा होकार आला आहे. त्यांत ११ लहान मुलं आहेत. हॉटेलकडे सहा फूट व्यासाची गोल टेबलं आहेत आणि हॉलमध्ये अशी अठरा टेबलं मावतात. यादी नवरीच्या चुलतबहिणीच्या लॅपटॉपवर, एक्सेलमध्ये आहे.

घरच्या यादीत एका ओळीत एक कुटुंब असतं. ‘देशपांडे, पुणे, ४’, ‘कुलकर्णी, बॉस्टन, ३’, ‘जोशीकाका-काकू, २’ अशा ओळी. पत्रिका पाठवायला ही मांडणी उत्तम आहे, कारण पत्रिका घराला जाते. खुर्ची मात्र माणसाला लागते. देशपांड्यांच्या चौघांपैकी थोरली मुलगी आपल्या वयाच्या चुलतभावंडांबरोबर दुसऱ्या टेबलावर बसणार असेल, तर ‘देशपांडे, ४’ या ओळीसमोर टेबलाचा कुठला आकडा लिहायचा? तिथे ‘७ आणि १२’ असं लिहिलं, की पुढचं सगळं बिघडलंच म्हणायचं. म्हणून पहिलं काम यादी फोडण्याचं. एका ओळीत एकच माणूस. ७४ ओळींच्या २०३ ओळी होतात, संध्याकाळ त्यात जाते, पण याला दुसरा रस्ता नाही. हे काम फोनवर करावं लागतं, आणि त्यातच बऱ्याच गोष्टी समजतात: ‘४’ मधलं एक बाळ सहा महिन्यांचं आहे, कुलकर्ण्यांकडून तिसरी येणार ती मुलगी नसून आजी आहे आणि ती चाकाच्या खुर्चीत आहे.

यादी फोडताना प्रत्येक ओळीत सगळी माहिती पूर्ण लिहायची. सवयीनं माणूस पहिल्या ओळीत ‘देशपांडे’ लिहितो आणि खालच्या तीन ओळींत आडनावाची जागा कोरी सोडतो, कारण डोळ्याला ते एकाच घरातले आहेत असं दिसत असतं. किंवा चार ओळींवर मिळून एकच मोठा चौकोन करतो. आज ते नेटकं दिसतं. उद्या यादी टेबलाच्या क्रमानं लावली, की चार ओळी चार दिशांना जातात आणि ‘आर्या’, ‘ओंकार’, ‘सीमा’ अशी आडनाव नसलेली माणसं उरतात. जोडलेले चौकोन असतील, तर बहुतेक वेळा एक्सेल क्रम लावायलाच नकार देतं.

मग रकाने ठरवायचे. सात पुरतात: नाव, कुटुंब, बाजू, येणार का, जेवण, टेबल, टीप. बाजू म्हणजे मुलाकडचे की मुलीकडचे. जेवणाच्या रकान्यात चारच शब्द ठेवायचे: शाकाहारी, जैन, मांसाहारी, मुलांचं. याशिवाय जे काही असेल ते टिपेत. शेंगदाण्याची अॅलर्जी, बाळासाठी उंच खुर्ची, चाकाची खुर्ची, किंवा त्या दिवशी संकष्टी असेल तर चंद्रोदयानंतरच जेवणारी मावशी. संकष्टी हॉटेलला आपणहून समजणार नाही. टिपेत लिहिलं असेल तरच मावशींचं ताट मागे राखून ठेवलं जाईल.

आता टेबलं. एका टेबलावर किती माणसं हे हॉटेल सांगतं, पण आपणही पडताळून पाहावं. जेवणाच्या टेबलाचा व्यवहारातला हिशेब असा, की माणशी दोन फूट म्हणजे चोवीस इंच कडा असली की कोपर कोपराला लागत नाही. सहा फूट व्यासाच्या टेबलाचा परीघ सुमारे २२६ इंच. दहा माणसं बसवली तर माणशी साडेबावीस इंच मिळतात. हे जरा कमी असलं, तरी चालतं. पाच फुटी टेबलाचा परीघ सुमारे १८८ इंच. तिथे आठ जण आरामात बसतात, पण दहा बसवले तर माणशी एकोणीस इंचही उरत नाहीत. भरजरी शालू नेसून आणि मांडीवर मूल घेऊन बसायला एकोणीस इंच जागा अपुरी पडते. बाळाची उंच खुर्चीही कडेची एक जागा घेते, म्हणून तीही मोजायची.

आपल्या उदाहरणात अठरा टेबलं, दहाच्या हिशेबानं १८० जागा आणि माणसं १६८. बारा जागा मोकळ्या राहतात. या बारा जागा एकाच टेबलावर साठवून ठेवू नयेत. बऱ्याच टेबलांवर नऊच माणसं ठेवली, तर शेवटच्या दिवशी कुणी वाढलं तर ज्या नातलगांत ते शोभेल तिथेच त्याची सोय होते.

कोण कुणाजवळ बसेल हे ठरवणं घरातल्या माणसांचं काम आहे आणि ते कुठलंही कोष्टक करू शकत नाही. ऐकायला कमी येणाऱ्या आजोबांना स्पीकरपासून लांब बसवायचं, पण मंच त्यांना दिसला पाहिजे. बोलणं बंद असलेले दोन भाऊ पाठीला पाठ लागेल अशा टेबलांवर नकोत. पुण्याहून आलेले आणि इथलं कुणालाच न ओळखणारे काका-काकू अशा टेबलावर हवेत, जिथे निदान एक जण मराठीत गप्पा मारणारा असेल. हे सगळं कागदाच्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून ठरवणारी घरंही आहेत आणि ती पद्धत चांगली आहे. ठरलं, की प्रत्येक माणसासमोर टेबलाचा आकडा लिहायचा. फक्त आकडा. ‘टेबल ७’ नको, ‘७ (खिडकीजवळ)’ नको. खिडकीजवळ हे टिपेत.

त्याआधी एक गोष्ट हॉटेलकडून मागून घ्यायची: हॉलचा नकाशा, टेबलांच्या आकड्यांसह. बऱ्याच घरांत टेबलांना आकडे आपल्या मनानं दिले जातात आणि हॉटेलच्या नकाशावरचे आकडे निराळेच निघतात. घरच्यांचं एक नंबरचं टेबल मंचासमोर, तर हॉटेलचं एक नंबरचं टेबल दाराशी. वाढपी हॉटेलच्याच नकाशावर चालतात, कारण ते तिथे रोज काम करतात. म्हणून आपण त्यांचे आकडे घ्यायचे.

इथवर आलं की यादीत सगळी माहिती आहे, पण ती अजून आमंत्रणांच्या क्रमात आहे. सात नंबरच्या टेबलाची माणसं निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेली आहेत. त्यांना एकत्र आणून प्रत्येक टेबलाचा वेगळा कागद छापायचा आहे. एक्सेलमध्ये हे करणारी एक जुनी, बहुतेकांच्या नजरेतून सुटलेली सोय आहे. तिचं नाव `Subtotal`. हिशेबाच्या बेरजांसाठी ती असते असं समजून लोक तिकडे फिरकत नाहीत, पण टेबलवार कागद काढायला तिच्याइतकं सोपं साधन नाही.

आधी मूळ यादीला हात न लावता तिची एक प्रत नव्या पानावर करायची आणि त्यात फक्त होकार आलेल्या १६८ ओळी ठेवायच्या. मग `Data` मधल्या `Sort` मध्ये जाऊन तीन पायऱ्यांचा क्रम लावायचा: आधी टेबल, मग कुटुंब, मग नाव. कुटुंब दुसरं घेतल्यामुळे एका टेबलावरचे एका घरातले लागोपाठ येतात. त्यानंतर `Subtotal` उघडायचं. `At each change in` समोर टेबलाचा रकाना निवडायचा, `Use function` समोर `Count`, आणि मोजणी नावाच्या रकान्याची. खाली एक छोटी चौकट असते, `Page break between groups`. सगळी गंमत या चौकटीत आहे. तिथे खूण केली, की टेबलाचा आकडा जिथे बदलतो तिथे पान तुटतं. एका टेबलाला एक कागद. प्रत्येक कागदाच्या शेवटी `7 Count` अशी ओळ येते आणि तिच्यात त्या टेबलावरच्या माणसांची संख्या. शेवटच्या कागदावर एकूण संख्या. आपल्या उदाहरणात ती १६८ यायला हवी.

हे बटण कधीकधी राखाडी दिसतं आणि दाबलं जात नाही. याचं नेहमीचं कारण असं, की यादीला एक्सेलचा ‘टेबल’ हा रंगीत पट्ट्यांचा प्रकार दिलेला असतो. `Convert to Range` केलं, की बटण जागं होतं. आणि छापण्याआधी `Print Titles` मध्ये पहिली ओळ प्रत्येक पानावर यावी असं सांगायचं. नाहीतर पहिल्या कागदावर ‘जेवण’, ‘टीप’ असे मथळे येतात आणि उरलेल्या सतरा कागदांवर नुसते शब्द.

आता चुकांकडे वळू. या कामात चूक झाली तर ती दिसत नाही, आणि ती दिसत नाही म्हणूनच महागात पडते.

सगळ्यात जास्त वेळा फसवतो तो टेबलाचा आकडा. समजा, नऊ माणसांसमोर बहिणीनं 7 हा आकडा स्वतः टाइप केला. दहाव्या माणसाचं टेबल भावानं फोनवरच्या संदेशातून उचलून चिकटवलं. पडद्यावर दोन्ही सातच दिसतात. पण चिकटवलेला सात एक्सेलनं कधीकधी आकडा म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून साठवलेला असतो. क्रम लावला, की आकडे आधी आणि मजकूर शेवटी जातो. मग सात नंबरचा एक कागद नऊ नावांचा छापला जातो, आणि अठरा नंबरचा कागद झाल्यावर शेवटी आणखी एक सात नंबरचा कागद निघतो, त्यावर एकच नाव. तो शेवटचा कागद नजरेतून सुटला, तर दहावा माणूस हॉलमध्ये येऊन आपलं नाव शोधत फिरतो. सगळेच आकडे मजकूर झाले असतील, तर खूण निराळी: कागदांचा क्रम १, १०, ११ असा जात १८ पर्यंत पोचतो आणि मग २ येतो.

ओळखायचं कसं? मजकूर झालेला आकडा चौकोनात डावीकडे चिकटलेला असतो आणि खरा आकडा उजवीकडे. बहुतेक वेळा वरच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही दिसतो. सगळा रकाना निवडून त्या त्रिकोणावरून `Convert to Number` केलं, की तो प्रश्न मिटतो. क्रम लावताना एक्सेल कधी विचारतंही, की आकड्यासारखं दिसणारं सगळं आकडा धरू का. घाईत लोक ती चौकट न वाचता बंद करतात. ती वाचावी.

दुसरी चूक अधिक वाईट आहे. कुणीतरी यादी वाचायला सोपी जावी म्हणून जेवणाच्या रकान्याआधी एक कोरा रकाना सोडतं. क्रम लावताना एक्सेल आपण ज्या चौकोनावर आहोत त्याच्या आजूबाजूचा सलग भाग उचलतं आणि कोरा रकाना ही त्याच्यासाठी सीमा असते. नावं नव्या क्रमात जातात, जेवणं जुन्याच जागी राहतात. यादी पूर्ण भरलेली दिसते, कुठेही लाल खूण नाही, आणि जैन जेवण मागणाऱ्या आजींच्या समोर ‘मांसाहारी’ लिहिलेलं असतं. म्हणून क्रम लावण्याआधी ज्यांची माहिती आपल्याला तोंडपाठ आहे अशी पाच माणसं निवडून ठेवायची आणि क्रम लावल्यावर त्यांच्या पूर्ण ओळी वाचायच्या. पाचपैकी एकाचंही जेवण बदललेलं दिसलं, तर लगेच मागे फिरायचं आणि कोरा रकाना काढून टाकायचा.

तिसरी चूक टेबलांची अदलाबदल करताना होते. हॉटेलनं कळवलं, की चार आणि बारा नंबरच्या टेबलांच्या जागा बदला. बहीण शोधून-बदलायच्या सोयीनं सगळे ४ बदलून १२ करते. मग सगळे १२ बदलून ४ करते. आता दोन्ही टेबलांची माणसं चार नंबरवर येऊन बसली आहेत आणि मूळची कोण होती हे वेगळं काढणं अशक्य आहे. यासाठी मधे एक न वापरलेला आकडा घ्यावा लागतो: ४ चे ९९, मग १२ चे ४, मग ९९ चे १२. आणि `Match entire cell contents` ही खूण केलेली असली पाहिजे. नाहीतर ४ बदलताना १४ मधला चारही बदलतो आणि टेबल नंबर ११२ तयार होतं.

या सगळ्यानंतर एक पडताळणी करावी आणि तिला पाच मिनिटं लागतात. होकार आलेली माणसं १६८. अठरा कागदांवरच्या संख्यांची बेरीज १६८. जेवणांची बेरीज: शाकाहारी ९६, जैन १४, मांसाहारी ४७, मुलांचं ११, म्हणजे १६८. तीनही आकडे जुळले पाहिजेत. समजा, जेवणांची बेरीज १६८ आली आणि टेबलांची १६६, तर दोन माणसांना टेबलच दिलेलं नाही. टेबलाच्या रकान्यातल्या कोऱ्या जागा गाळून पाहिल्या, की ती दोघं सापडतात. बहुतेक वेळा ती उशिरा होकार दिलेली असतात, ज्यांचं ‘हो’ लिहिलं गेलं पण पुढचा रकाना राहून गेला.

छापलेले कागद एकदा निघाले की बदलत नाहीत, यादी मात्र शेवटपर्यंत बदलत राहते. म्हणून नव्या एक्सेलमध्ये, म्हणजे २०२१ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीत, काही घरं सूत्र वापरतात. एका कोऱ्या पानावर B1 मध्ये टेबलाचा आकडा लिहायचा आणि खाली हे सूत्र द्यायचं. मूळ यादीच्या पानाचं नाव इथे Yadi धरलं आहे, आणि तिच्यात न येणारेही धरून २०३ माणसं आहेत.

```
=SORT(FILTER(Yadi!A2:G204&"",
 (Yadi!F2:F204=B1)*(Yadi!D2:D204="हो")),2)
```

B1 मध्ये 7 लिहिलं, की सात नंबरच्या टेबलावरची, होकार दिलेली माणसं कुटुंबाच्या क्रमानं खाली उतरतात. 8 लिहिलं, की आठची. मूळ यादीत कुणाचं टेबल बदललं, तर इथे आपोआप बदलतं. मधलं `&""` वायफळ नाही. ते काढलं, तर ज्यांच्या टिपेची जागा कोरी आहे त्यांच्यासमोर 0 छापला जातो, आणि वाढप्याला त्या शून्याचा अर्थ समजत नाही. टेबल रिकामं असेल तर `#CALC!` दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आकडा मजकूर झाल्याची चूक याही पद्धतीत होते, आणि इथे ती पकडायला एक चांगला सापळा आहे. शेजारच्या चौकोनात नुसती मोजणी ठेवायची:

```
=COUNTIFS(Yadi!F2:F204,B1,Yadi!D2:D204,"हो")
```

मोजणी करताना एक्सेल मजकूर झालेला सातही सात म्हणून धरतं. वरचं सूत्र मात्र त्याला सात मानत नाही. म्हणजे मोजणी दहा सांगेल आणि खाली नावं नऊच दिसतील. दोघांत फरक पडला, की त्या टेबलाचा एखादा आकडा मजकूर झालेला आहे असं खुशाल समजावं.

टेबलवार कागद कुणासाठी, हेही नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे बरीच घरं गल्लत करतात. हे कागद हॉलच्या दारात लावतात आणि पाहुण्यांनी आपलं टेबल शोधावं अशी अपेक्षा धरतात. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला त्याचं नाव माहीत आहे, टेबल माहीत नाही. टेबलवार मांडणीत नाव शोधायला त्याला अठरा चौकटी वाचाव्या लागतात, आणि मागे रांग लागते. दारासाठी त्याच यादीचा दुसरा क्रम लावायचा: आडनाव, मग नाव, आणि समोर टेबलाचा आकडा. आडनावानं लावलेली बरी, कारण घरातली सगळी मंडळी एकत्र आत येतात आणि एकाच जागी बोट ठेवून मोकळी होतात. तिथे कागदोपत्री नाव लिहायचं. घरात सगळे ज्यांना बापूकाका म्हणतात, त्यांना स्वतःला ते यादीत आडनावाखालीच सापडणार आहेत.

टेबलवार कागद बँक्वेट कॅप्टनच्या हातात जातो. त्याला नावांपेक्षा संख्या आणि टिपा हव्या असतात. सात नंबरच्या कागदावर वर आकडा मोठा, मग नऊ ओळी, आणि तळाशी: शाकाहारी ५, जैन २, मांसाहारी १, मुलांचं १, उंच खुर्ची एक. जेवण टेबलावर वाढलं जाणार असेल, तर स्वयंपाकघरातून त्या टेबलासाठी कुठल्या किती थाळ्या उचलायच्या हे या तळाच्या ओळीवरून ठरतं. आपल्याकडचं जैन जेवण म्हणजे नुसतं कांदा-लसूण वगळणं नव्हे, त्यात बटाटा, गाजर असे कंदही चालत नाहीत, हे त्याच कागदावर एका ओळीत, इंग्रजीत लिहून दिलेलं बरं. नावंही या प्रतीवर इंग्रजी लिपीत हवीत. म्हणून जाणती घरं मूळ यादीतच नावाचे दोन रकाने ठेवतात, एक देवनागरीत घरच्यांसाठी आणि एक रोमन लिपीत हॉटेलसाठी. शेवटच्या रात्री १६८ नावं पुन्हा टाइप करायची वेळ येत नाही.

आणि प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात छापल्याची तारीख आणि वेळ. शुक्रवारी दुपारी एक संच हॉटेलला गेला, रात्री दोन माणसं गळाली, शनिवारी सकाळी दुसरा संच गेला. कॅप्टनच्या टेबलावर आता सात नंबरचे दोन कागद आहेत. वेळ लिहिलेली असेल तर जुना फाडला जातो. ती नसेल, तर जो वर असेल तो खरा धरला जातो.

दुसरा संच निघाल्यावर यादी बंद करायची आणि त्यानंतरचे बदल पेननं, एकाच माणसानं, एकाच प्रतीवर करायचे. आपल्या उदाहरणात ते काम चुलतबहिणीकडेच आहे. मंगलाष्टकं संपून सगळे हॉलकडे वळलेले असताना सोलापूरहून आलेल्या मामांबरोबर त्यांचे शेजारीही आले आहेत असं तिला समजतं, पत्रिका न मिळालेले पण घरातलेच म्हणावेत असे दोघं. ती कागदांचा गठ्ठा चाळते. मामा अकरा नंबरवर, तिथे दहाच्या दहा भरलेले. पलीकडे बारावर आठच, आणि त्यांतले चौघं सोलापूरचे. ती बारा नंबरच्या कागदावर दोन ओळी लिहिते, तळाशी शाकाहारी ६ खोडून ८ करते, आणि कॅप्टनला दोन खुर्च्या मागवायला सांगते.